पाठीतल्या सुईची भीती

हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री दोन वाजता साठीतले एक काका खाटेवर उठून बसले होते. जन्मात पहिल्यांदाच ॲडमिट झालेले. नाइट ड्यूटीच्या सिस्टरने बीपी घेतलं, तर १५८/९६. संध्याकाळी १३०/८० होतं.

"घाबरू नका" असं ती म्हणाली नाही. घाबरलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटत नाही, फक्त तो बोलायचा थांबतो. तिने स्टूल ओढलं आणि विचारलं, "काका, नेमकं कशाचं वाटतंय?"

"पाठीत सुई देणार म्हणे. त्यानं पाय जातात असं ऐकलंय."

कमरेखाली बधिर करणाऱ्या त्या इंजेक्शनाबद्दल ही शंका बऱ्याचदा ऐकू येते. सिस्टरने आपल्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं. "पाठीच्या कण्यातली मुख्य नस साधारण इथवर येऊन संपते. सुई त्याच्या खाली देतात. तिथे बारीक नसा पाण्यात सुट्या असतात, सुई आली की त्या बाजूला सरकतात. तुम्ही उशी कवटाळून, हनुवटी छातीला टेकवून बसायचं आणि हलायचं नाही. मग पाय गरम वाटतील, जड होतील. हलवायला गेलात तर हलणार नाहीत. ते तसंच व्हायला हवं, काही तासांत परत हलतात. ऑपरेशन चालू असताना ओढल्यासारखं कळेल, पण दुखणार नाही. दुखलंच तर बोला, भूलतज्ज्ञ तुमच्या उशाशीच असतात."

काहीच त्रास होणार नाही, असंही तिने सांगितलं नाही. नंतर काहींना उठून बसलं की डोकं दुखतं, लघवीला वेळ लागतो. त्यावर उपाय असतात.

काका थोडे सैल झाले. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, एक गोळी मी चालूच ठेवली. मागे बोलताना जीभ अडखळली होती, तेव्हा दिलेली. आठवडाभर आधी बंद करा म्हणाले होते, पण पुन्हा तसंच झालं तर, या भीतीनं रोज घेतोय. आज रात्रीही घेतली."

पिशवीतून निघालेल्या पाकिटावर क्लोपिडोग्रेल लिहिलं होतं. ही गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही, आणि तिचा परिणाम पाच-सात दिवस टिकतो. अशा वेळी कण्यात सुई दिली, तर आत रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो. क्वचितच होतं, पण झालं तर पाय खरोखरच जाऊ शकतात.

"सांगितलंत ते फार बरं केलंत," म्हणून तिने लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. पाकीट फाइलला लावलं आणि शेवटच्या गोळीची वेळ लाल पेनाने लिहिली. सकाळी भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन पुढे ढकललं. गोळी कधी थांबवायची, ते ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरणार होतं.