अंतर्गत सुरक्षा लेखापरीक्षण

अंतर्गत सुरक्षा लेखापरीक्षण म्हणजे सुरक्षा-व्यवस्था प्रत्यक्षात पाळली जाते की केवळ कागदावर असते, याची संस्थेतीलच, परंतु संबंधित विभागाबाहेरील व्यक्तींनी केलेली तपासणी. भारतात यासाठी आयएस १४४८९ हे मानक आहे.

जळगाव-धुळे परिसरातील जिनिंग कारखान्यांत कापसाला आग लागण्याचा धोका असतो. समजा, अशा कारखान्यात ४० अग्निशामक आहेत. तपासनीस तपासणीसूचीनुसार स्वतः निवडलेले ८ पाहतो. दोहोंच्या दाबमापकाचा काटा लाल पट्ट्यात असूनही नोंदवहीत ‘ठीक’ असा शेरा आढळतो. मग उरलेले ३२ही तपासले जातात. दोष मासिक तपासणीच्या पद्धतीतच असल्याने तो ‘गंभीर’ ठरतो. पुनर्भरण ही केवळ तात्पुरती दुरुस्ती होय. न पाहता शेरा का लिहिला गेला, हे शोधून उपाय, जबाबदार व्यक्ती व मुदत ठरवली जाते. पुढील नोंदी काट्याशी जुळल्यावरच ही त्रुटी दूर झाल्याचे मानतात.