ट्रिप्सिनची जोडी कुणाशी?

जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत पचनाच्या जोड्या लावायला आल्या की मुलं खूश असतात. टायलिनपुढे लाळग्रंथी, पेप्सिनपुढे जठर, गुण खिशात. गाडी अडते ती ट्रिप्सिनपाशी. त्याच्यासमोर स्वादुपिंड लिहायचं की लहान आतडं?

खरं तर आधी स्तंभाचं शीर्षक वाचायचं. हे विकर कुठे तयार होतं, असं विचारलं असेल तर स्वादुपिंड. कुठे काम करतं, असं असेल तर लहान आतडं. प्रश्न काढणाऱ्यानेच 'अवयव' एवढंच लिहून सोडलं असेल, तर दोष मुलांचा नाही.

ही दोन ठिकाणं वेगळी असण्यामागे कारण आहे. ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं, आणि स्वादुपिंडाच्या पेशीही प्रथिनांच्याच बनलेल्या. विकर तिथेच कामाला लागलं तर ग्रंथीच पचायची. म्हणून स्वादुपिंड ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बनवतं आणि नलिकेवाटे आतड्यात सोडतं. तिथे आतड्याच्या अस्तरातलं एंटेरोकायनेज त्याचा एक लहानसा तुकडा छाटतं आणि ट्रिप्सिन जागं होतं. मग हे ट्रिप्सिनच उरलेल्या ट्रिप्सिनोजेनला जागं करत सुटतं. रशियात पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत 1899 साली एंटेरोकायनेजचा शोध लागला. स्वादुपिंडाला सूज येते तेव्हा हा क्रम बिघडून विकरं ग्रंथीतच सक्रिय होतात. पोटात असह्य कळा येतात आणि डॉक्टर रक्तातलं अमायलेज, लायपेज तपासायला सांगतात.

स्पर्धा परीक्षांना एंटेरोकायनेज फार आवडतं. त्याच्यापुढे मुलं 'प्रथिने – अमिनो आम्ले' लिहून मोकळी होतात. पण ते अन्नाला हातच लावत नाही. त्याचा अभिक्रियाकारक ट्रिप्सिनोजेन आणि उत्पादित ट्रिप्सिन.

उत्पादिताच्या स्तंभात आणखी एक खाच आहे. वाटीभर वरणातलं प्रथिन घ्या. जठरात, सामू 2 च्या आसपास, पेप्सिन त्याचे मोठे तुकडे करतं. आतड्यात सामू 8 च्या जवळ गेला की पेप्सिन निकामी होतं आणि ट्रिप्सिन त्या तुकड्यांचे लहान पेप्टाइड करतं. सुटी अमिनो आम्लं मिळतात ती बहुतांशी पुढे, पेप्टिडेज विकरांमुळे. शालेय पुस्तकं हा टप्पा गाळून ट्रिप्सिनपुढे थेट अमिनो आम्लं छापतात. पर्यायांत दोन्ही असतील तर ट्रिप्सिनला पेप्टाइड द्यावं आणि अमिनो आम्लं पेप्टिडेजसाठी राखावीत.

पित्तरस मात्र विकरांच्या यादीत घुसवलेला असला तरी फसू नये. यकृतातून येणाऱ्या या रसात एकही पाचक विकर नसतं. तो मेदाचे बारीक थेंब करतो, इतकंच. मेदाम्लं मोकळी करण्याचं श्रेय स्वादुपिंडातल्या लायपेजचं.