कोड म्हणजे कुष्ठ नव्हे

बुलढाण्याकडे स्थळाची चौकशी करताना पांढरा डाग दिसला, की बोलणी अडतात. मनात भीती असते कुष्ठरोगाची. खरं तर कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथं बहुधा स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण स्पर्श नीट कळतो. खात्री मात्र डॉक्टरांकडूनच करावी. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या रंगपेशी मारते. त्यामुळे ते एका ताटात जेवल्यानं किंवा कामावर शेजारी बसल्यानं लागत नाही. कामावरून दूर ठेवायला वैद्यकीय आधार नाही.

टिकलीच्या जागीच डाग उमटला, तर गोंदातल्या रसायनाचा संशय घ्यावा आणि टिकली आधी थांबवावी.

घरच्यांनी डाग पावडरीखाली लपवून लग्न उरकू नये. साखरपुड्याआधी मुलीनं किंवा मुलानं स्वतः सांगावं, आई-वडिलांनी सोबत बसावं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (2006) हा चित्रपट कोड असलेल्या डॉक्टर तरुणीच्या लग्नाचीच गोष्ट सांगतो. डाग नवा असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला लवकर दाखवा. चेहऱ्यावरचा रंग बोटांपेक्षा सहज परततो.