नव्या फोनवर जुने चॅट दिसत नाहीत तेव्हा

नवा अँड्रॉइड फोन घेतला की तो बरेचदा दुकानातला मुलगाच सुरू करून देतो. जीमेलचा पासवर्ड आठवत नाही म्हटलं, तर तो नवं खातं उघडून देतो. घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅप टाकावं, ओटीपी घालावा, तर ग्रुपची नावं दिसतात आणि आत एकही जुना मेसेज नसतो.

अशा वेळी मेसेज बहुधा पुसले गेलेले नसतात. पोहोचलेले मेसेज व्हॉट्सअ‍ॅप आपल्याकडे साठवून ठेवत नाही. ते तुमच्या फोनमध्ये असतात आणि बॅकअप चालू असेल तर त्याची प्रत तुमच्या गूगल खात्यात जाते. ती परत मिळवायला मोबाइल नंबरही तोच लागतो आणि गूगल खातंही तेच. दुकानात उघडलेल्या खात्यात ती प्रत सापडणार कशी?

आधी जुनं खातं शोधा. जुन्या फोनवर गूगल ड्राइव्ह उघडून मेन्यूतल्या ‘बॅकअप्स’मध्ये जा. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप दिसतो, शेवटच्या तारखेसह. फोनमध्ये दोन-तीन खाती असतील तर प्रत्येकात पाहा. योग्य खातं सापडलं की ते नव्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जोडा, व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका आणि तोच नंबर द्या. आता ‘रिस्टोअर’ची विचारणा येईल. ती नंबर नोंदवतानाच येते, म्हणून तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं लागतं. बॅकअपच्या तारखेनंतरचे मेसेज मात्र त्यात नसतील.

खातं बरोबर होतं, पण घाईत ‘स्किप’ दाबलं गेलं, तर धोका जास्त आहे. स्वयंचलित बॅकअप सहसा पहाटे होतो आणि नव्या फोनवरचे मोजके मेसेज जुन्या बॅकअपची जागा घेऊ शकतात. म्हणून रात्र उलटू देऊ नका, त्याच दिवशी अ‍ॅप काढा आणि पुन्हा टाका.

जुना फोन चालू स्थितीत असेल तर माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग वेगळाच आहे. नंबर पुन्हा त्याच फोनवर नोंदवा. आतले मेसेज सहसा जागेवरच असतात. मग तिथून ‘ट्रान्सफर चॅट्स’ने क्यूआर कोड स्कॅन करून सगळं थेट नव्या फोनवर घ्या. गूगल खात्याची गरजच पडत नाही. म्हणूनच नव्या फोनचं सगळं जमेपर्यंत जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नये, रीसेटही करू नये.

आयफोन घेतला असेल तर गूगलमधला बॅकअप तिथे उतरत नाही. आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ या अ‍ॅपने चॅट हलवावे लागतात. आणि बॅकअपला एन्क्रिप्शनचा पासवर्ड घातला असेल व तो विसरला असाल, तर तो बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपलाही उघडता येत नाही. तेव्हा जुन्या फोनमध्ये जे आहे तेवढंच हाती राहतं.