मुलाखत झाल्यावर वहीत नेमकं काय लिहायचं?

"कसा झाला इंटरव्ह्यू?" "बरा झाला." बहुतेकांची नोंद इथेच संपते. आठवड्याने नकाराचा मेल आला की तोच 'बरा' इंटरव्ह्यू 'वाईटच गेला होता' असा आठवू लागतो.

हा खेळ स्मरणशक्तीचा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन 1972 मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. काय घडेल याचा अंदाज बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घेतला. दौऱ्यानंतर विचारलं, तेव्हा घडलेल्या गोष्टींबद्दल 'मला तर तेव्हाच वाटलं होतं' असा अनेकांचा सूर होता. त्यांचे जुने आकडे मात्र वेगळंच सांगत होते.

म्हणून मुलाखतीची नोंद त्याच दिवशी, निकाल कळण्याआधी करायची. शक्यतो घरी परतताना बसमध्येच. तीन गोष्टी पुरतात: प्रश्न जसा विचारला तसा, आपण दिलेलं उत्तर आणि त्यावर समोरच्याने पुढे काय विचारलं. यातली तिसरी गोष्ट सर्वात मोलाची, आणि नेमकी तीच लोक लिहीत नाहीत. 'कॉन्फिडन्स कमी पडला' अशा शेऱ्यातून पुढे काहीच हाती लागत नाही.

समजा, बी.कॉम. झालेल्या एका मुलीने अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी पाच मुलाखती दिल्या. तिची खात्री आहे की आपण जीएसटीत मार खातो. वही उघडली तर जीएसटीचा प्रश्न चारदा आलाय आणि ती फक्त एकदाच अडखळलीय. ती मुलाखत शेवटची होती, म्हणून तेवढीच डोक्यात राहिली.

बँक रिकन्सिलिएशनचा प्रश्न मात्र पाचही ठिकाणी होता. तीनदा तिने व्याख्या सांगितली आणि तिन्ही वेळा पुढचा प्रश्न आला, "ते ठीक, पण प्रत्यक्षात काय करायचात?" उरलेल्या दोन वेळा तिने खरा प्रसंग सांगितला होता: खात्यात 18,500 रुपयांचा फरक, आणि कारण असं की सप्लायरला दिलेला चेक अजून वटलाच नव्हता. तिथे समोरचा खुलला, आणखी खोलात विचारू लागला.

म्हणजे कमतरता ज्ञानाची नव्हती, उत्तर व्याख्येने सुरू करण्याची होती. चांगल्या गेलेल्या दोन मुलाखतींची नोंद नसती, तर हे दिसलंच नसतं. आता सहाव्या मुलाखतीत तिने थेट प्रसंगापासून सुरुवात करायची आणि 'प्रत्यक्षात काय करायचात' हा प्रश्न पुन्हा येतो का, ते वहीत पाहायचं.

निकाल मात्र वेगळ्या रकान्यात, सर्वात शेवटी लिहावा. पगाराचं गणित जुळलं नाही किंवा जागा आतल्याच कुणाला दिली, तरी नकार येतो. त्यामुळे एका नकारावरून उत्तरं बदलू नयेत. तोच उलटप्रश्न दोन-तीन वेगळ्या लोकांनी विचारला, तर मात्र बदलावीत.