ओटीचा गारवा, वॉर्डाचं गरम पाणी

ऐन जुलैमध्ये मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या प्लांट रूममध्ये डोकावलं, तर एक विचित्र दृश्य दिसतं. एका बाजूला चिलर पाणी सात अंशांपर्यंत गार करत असतात आणि त्यातून निघालेली उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून देतात. दुसऱ्या बाजूला बॉयलर डिझेल किंवा गॅस जाळून पाणी तापवत असतो. म्हणजे उष्णता एकीकडे फेकायची आणि दुसरीकडे विकत घ्यायची.

पावसाळ्यात गरम पाणी लागतं ते फक्त आंघोळीला नव्हे. ऑपरेशन थिएटरमधली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. हवेतला ओलावा काढायचा तर तिला बारा-तेरा अंशांपर्यंत गार करावं लागतं. तेवढी गार हवा थेट ओटीत सोडता येत नाही, म्हणून ती पुन्हा थोडी तापवतात. याला ‘रीहीट’ म्हणतात. त्यामुळे रुग्णालयाला गारवा आणि ऊब, दोन्ही एकाच वेळी लागतात.

हीट रिकव्हरी चिलर नेमका इथे कामाला येतो. तो एका टोकाला पाणी गार करतो आणि काढून घेतलेली उष्णता टॉवरकडे न पाठवता दुसऱ्या टोकाचं पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवतो. कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. साधारण हिशेब असा: 30 किलोवॅट वीज घातली, तर 90 किलोवॅट गारवा आणि 120 किलोवॅट ऊब मिळते.

आता समतोलाचा प्रश्न. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. एक कमी करून दुसरा वाढवता येत नाही. म्हणून यंत्र दोन्हीपैकी लहान गरजेवर चालवायचं, हा पहिला नियम. उदाहरणादाखल एक रुग्णालय घेऊ. दिवसा त्याला 600 किलोवॅट गारवा आणि 120 किलोवॅट ऊब लागते. इथे ऊब लहान आहे. तेव्हा यंत्र गरम पाण्याच्या तापमानावर सोडायचं. त्यातून गारवा 90 किलोवॅटच निघेल. उरलेले 510 नेहमीचे चिलर देतील. यासाठी हे यंत्र परतीच्या थंड पाण्याच्या लाइनवर, मुख्य चिलरच्या आधी बसवतात. ते जमेल तेवढं गार करून पाणी पुढे पाठवतं आणि सात अंशांची जबाबदारी मुख्य चिलरकडे राहते.

ऊब संपूनही यंत्र गारव्यासाठी चालू ठेवणं तोट्याचं. टॉवरवरच्या चांगल्या चिलरला तेवढाच 90 किलोवॅट गारवा 15 किलोवॅट विजेत जमतो. पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवायचं असल्यामुळे या यंत्राला दुप्पट वीज लागते. ऊब वापरली जात असेल, तर मात्र या जादा 15 किलोवॅटमध्ये 120 किलोवॅट उष्णता पदरात पडते. शिवाय टॉवरमधून वाफ होऊन उडणारं ताशी सुमारे दीडशे लिटर पाणी वाचतं.

पहाटे सहा ते आठ आंघोळींमुळे ऊबेची गरज 200 वर जाते. दोन तासांत 160 युनिट उष्णता कमी पडते. त्यासाठी मोठं यंत्र घेतलं, तर ते दिवसभर अर्धवट चालेल. त्यापेक्षा टाकी बरी. रात्री गरज 90 असते, यंत्र 120 देतं. सहा तासांत 180 युनिट साठतात. पाणी पंचवीसवरून पन्नास अंशांवर न्यायचं म्हटलं, तर साधारण सहा हजार लिटरची टाकी पुरते. रात्री गारव्याची गरज 90 च्या खाली जात नाही ना, हे मात्र आधी मोजून घ्यावं.

बिघाडाची खूण गरम पाण्याच्या परतीच्या लाइनवर दिसते. पाणी 50 अंशांवर जाऊन 40 वर परत यायला हवं. परतीचं तापमान 47-48 वर चढलं, म्हणजे ऊब कुणी घेत नाहीये. मग यंत्र सारखं चालू-बंद होतं, कधी हाय प्रेशरवर ट्रिप होतं. बहुतेकदा दोष यंत्राचा नसतो. हीटिंग कॉइलवरचे थ्री-वे व्हॉल्व्ह न वापरलेलं गरम पाणी तसंच परत पाठवत असतात. तिथे टू-वे व्हॉल्व्ह आणि गरजेनुसार वेग बदलणारा पंप लावला की परतीचं पाणी थंड होतं.

या यंत्राची मर्यादाही स्पष्ट आहे. लिजिओनेला जिवाणूंपासून बचावासाठी गरम पाणी साठ अंशांवर साठवावं लागतं. वरचे दहा अंश बॉयलरनेच चढवायचे. शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करायला लागणारी 134 अंशांची वाफही त्यालाच द्यावी लागते.

म्हणून व्यवस्थापनाने कोटेशन मागवण्याआधी ऊब आणि गारवा यांच्या तासागणिक नोंदी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात निदान एकेक आठवडा ठेवाव्यात. दोन्ही गरजा एकाच वेळी जेवढ्या असतात, तेवढंच यंत्र घ्यावं. त्याहून मोठं घेतलेलं परवडत नाही.