भारतातील खाती, अमेरिकेतील कर आणि चार अंकांचे वार्तापत्र

अटलांटाच्या उत्तरेस असलेल्या अल्फारेटात एखाद्या मराठी करसल्लागाराने वार्तापत्र काढायचे ठरवले, तर ‘अमेरिकेतील करव्यवस्था’ हा विषय त्याच्या उपयोगाचा नाही. त्यावर लिहिणारे उदंड आहेत. येथे पगार घेणाऱ्या आणि पुण्यात बँक खाते असणाऱ्या कुटुंबाला मात्र दरवर्षी एक प्रश्न पडतो: भारतातील खात्यांची माहिती द्यावी लागते का? चार अंकांची मालिका या एकाच प्रश्नावर बेतावी.

पहिल्या अंकात व्याख्येऐवजी हिशेब मांडावा. समजा, बचत खात्यातील वर्षभरातील सर्वाधिक शिल्लक 3 लाख रुपये, मुदत ठेव 5 लाख आणि आईबरोबरच्या संयुक्त खात्यात दीड लाख. सोयीसाठी डॉलरचा दर 85 रुपये धरू. प्रत्यक्षात अमेरिकी कोषागाराचा वर्षअखेरचा दर घ्यावा लागतो. पहिल्या दोन खात्यांचे सुमारे 9,412 डॉलर होतात. ‘एफबार’ या अहवालाची मर्यादा 10,000 डॉलर असल्याने बहुतेक जण येथेच निर्धास्त होतात. परंतु आईबरोबरच्या खात्याची पूर्ण रक्कम मोजली जाते, बेरीज 11,176 वर जाते आणि तिन्ही खाती कळवावी लागतात. ‘ते पैसे तर आईचे!’ ही वाचकाची हरकत लेखात आधीच आलेली असली, की लिहिणाऱ्याला विषय ठाऊक आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा अंक जानेवारीअखेरीस निघावा आणि पुढचे पंधरा-पंधरा दिवसांनी, म्हणजे 15 एप्रिलच्या मुदतीपूर्वी बँकेकडून उतारे मागवण्यास अवधी राहतो. एफबारला 15 ऑक्टोबरपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळते खरी, पण विवरणपत्रासोबत द्यायच्या 8938 क्रमांकाच्या फॉर्मचे वेळापत्रक विवरणपत्राबरोबरच चालते. दोहोंतील हा गोंधळ एक स्वतंत्र अंक मागतो.

शेवटचा अंक, राहून गेलेल्या वर्षांचा, सर्वांत नाजूक. चूक अनवधानाने झाली की जाणूनबुजून, यावर दंड अवलंबून असतो आणि त्याचा निवाडा वार्तापत्रात करता येत नाही. तेथे वाचकाला वकिलाकडे पाठवावे. प्रत्येक अंकावर तारीखही हवी. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिटनर खटल्यात अनवधानाच्या चुकीचा दंड प्रत्येक खात्यामागे नव्हे, तर प्रत्येक अहवालामागे लागतो असे ठरवले. खात्यांप्रमाणे दंड मोजणारे जुने लेख त्या दिवशी चुकीचे ठरले.

उदाहरणे मात्र कल्पितच असावीत. ग्राहकाच्या विवरणपत्रातील माहिती संमतीविना जाणूनबुजून उघड करणे हा संघीय कायद्याच्या कलम 7216 खाली गुन्हा आहे, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात सगळेच एकमेकांना ओळखतात. नुसते नाव बदलून भागत नाही.

मालिका पोहोचली की नाही, हे वाचकसंख्येवरून कळत नाही. ‘एफबार म्हणजे काय?’ असे विचारणाऱ्यांच्या जागी ‘वडिलांच्या ठेवीवर माझे नाव दुसरे आहे, मग?’ असे विचारणारे येऊ लागले, की ती वाचली जात आहे असे समजावे.